ओळख सांगताना हेडलाइनमधलाच शब्द

प्रश्न: लिंक्डइनवर माझी हेडलाइन आणि समरी व्यवस्थित आहे, पण व्यावसायिक मेळाव्यात ओळख करून देताना मी भलतेच बोलतो. दोन्ही जुळवायचे कसे?

हेडलाइन पाठ करून म्हणू नका. तिच्यातील जो शब्द समोरच्याच्या लक्षात राहायला हवा, तेवढा पहिल्या वाक्यात जसाच्या तसा उच्चारा. रात्री घरी गेल्यावर तुमची कनेक्शनची विनंती त्याच्यापुढे येते, तेव्हा त्याला मुख्यतः फोटो, नाव आणि हेडलाइनची सुरुवात दिसते. हेडलाइनला 220 अक्षरांची मर्यादा असली, तरी मोबाइलवरील यादीत ती मध्येच तुटते. त्यामुळे तो शब्द तिथेही आरंभीच हवा.

मी चाकणला पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता पाहतो. पूर्वी माझ्या हेडलाइनवर ‘ऑपरेशनल एक्सलन्स प्रोफेशनल’ असे भारदस्त काहीतरी होते आणि तोंडी मी ‘व्हेंडरकडचे बघतो’ असे सांगत असे. एका प्रदर्शनात एका कास्टिंगवाल्या कारखानदारांशी पाऊण तास गप्पा झाल्या, तरी माझी विनंती कित्येक दिवस पडून राहिली. पुन्हा भेटले तेव्हा म्हणाले, “अहो, ते ऑपरेशनलवाले म्हणजे तुम्ही होय?”

आता हेडलाइन अशी आहे: ‘सप्लायर क्वालिटी इंजिनिअर | ॲल्युमिनियम डाय कास्टिंग | पोरॉसिटी आणि गळती’. पोरॉसिटी म्हणजे ओतलेल्या धातूत, बहुधा हवा अडकून, राहणारी बारीक छिद्रे. हेडलाइनमध्ये क्रियापद नसते, बोलण्यात मात्र ते लागते, म्हणून नाव सांगून झाल्यावर मी म्हणतो: “मी सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, चाकणला असतो. ॲल्युमिनियम कास्टिंग पोरॉसिटीमुळे नापास होते ना, ते पुरवठादाराकडेच थांबवायचे, हे माझे काम. एका पंप हाउसिंगची गळती मशिनिंग झाल्यावरच कळायची. जाऊन पाहिले, तर डायचे एअर व्हेंट बुजलेले. तुमच्याकडे कास्टिंग कुठून येते?” याला अर्धा मिनिटही लागत नाही.

समरीची सुरुवातही याच पंप हाउसिंगने होते, कारण ‘आणखी पाहा’ दाबण्याआधी वरच्या मोजक्या ओळीच दिसतात आणि ऐकलेला किस्सा तिथे सापडला की माणूस पटकन ओळखतो. तपासणी कशी केली, व्हेंट साफ करण्याचे वेळापत्रक कसे बसवले, हा बोलताना कंटाळवाणा होणारा तपशील खाली सविस्तर लिहिला आहे. बोलण्याचा शेवट प्रश्नाने होतो, तर समरीचा शेवट कोणत्या कामासाठी संपर्क साधावा, याने.

श्रोता बदलला की किस्सा बदलावा, पहिले वाक्य बदलू नये. भरती करणाऱ्यांपुढे मी व्हेंटऐवजी किती पुरवठादार सांभाळतो ते सांगतो. मात्र दोन-तीन मेळाव्यांत लोक तुमच्या हेडलाइनच्या शब्दावर कोरे राहिले आणि दुसऱ्याच शब्दावर “म्हणजे कसे?” असे विचारू लागले, तर हेडलाइन बदलावी. माझ्या हेडलाइनमधील ‘गळती’ हा शब्द असाच बोलण्यातून तिथे गेला.