हातातला पक्षी आणि चिनी मोजणी

"चिनी शिकतोय. 'तीन पुस्तकं' म्हणताना आकडा आणि नाम यांच्यामध्ये जादा शब्द का घालावा लागतो? कुठल्या नामाला कुठला, हे कसं ठरवायचं? सगळीकडे 'ग' हा एकच जादा शब्द चालतो ना?"

आधी ते 'सगळीकडे ग' डोक्यातून काढा. शिकवणीवाले हे बिनदिक्कत सांगतात आणि ऐकून माझे कान किटलेत.

कारण सोपं आहे. मंडईत आपण 'तीन कोथिंबीर' म्हणत नाही, 'तीन जुड्या' म्हणतो. आजच्या चिनीत जवळपास प्रत्येक नाम कोथिंबिरीसारखं वागतं, त्यामुळे जुडी बांधल्याशिवाय मोजता येत नाही. 'दिवस', 'वर्ष' हे शब्द स्वतःच मापं, म्हणून त्यांना मध्यस्थ लागत नाही. हा काही चिनी मनाचा सनातन स्वभाव वगैरे नव्हे. कन्फ्यूशियसच्या संवादांत 'तीन माणसं' सरळ, काहीही मध्ये न घालता येतात.

निवडताना वस्तू हाताला कशी लागते ते बघा. 'बा' म्हणजे मूठीत धरणं, म्हणून सुरी, छत्री आणि पाठीला धरून उचलायची खुर्चीसुद्धा 'बा'. 'जांग' म्हणजे मुळात धनुष्य ताणणं, म्हणून ताणून पसरल्यासारखं सपाट असलेलं कागद, टेबल, पलंग. 'थ्याओ' म्हणजे डहाळी. त्यात साप, नदी, रस्ता, मासा आणि पँट.

पण खरी गंमत 'ज्र'ची. याचं जुनं चित्राक्षर म्हणजे खाली हात, वर एक पक्षी. त्याच हातावर दोन पक्षी बसवले की 'श्वांग', म्हणजे जोडी! ज्र म्हणून पक्ष्याला, मांजराला, शिवाय जोडीतल्या एकट्याला: एक डोळा, एक हात. 1956 च्या लिपी-सुलभीकरणात 'श्वांग'चे दोन्ही पक्षी उडाले, उरले नुसते दोन हात. 'ज्र'मध्ये तर हातही राहिला नाही. तैवानमध्ये मात्र पक्षी अजून हातात आहेत.

माझं मत असं की जे हातात मावतं ते 'ज्र', म्हणूनच गाय त्यात नाही. तिला 'थोउ', म्हणजे डोकं. वाघाला 'ज्र' लागतं हे मला ठाऊक आहे. कुणी ते तोंडावर फेकलं तरी मी मत सोडणार नाही. 'या शब्दांना काही तर्क नाही, पाठ करा' म्हणणाऱ्या व्याकरणकारांनी तो पक्षी एकदा तरी पाहिलाय का?

हां, तुमचं 'ग'. नवीन नाम पाठ करताना त्याचा मापशब्द सोबतच पाठ करा. अडलात तर 'ग' म्हणा, माणूस समजून घेईल. पण चपलांच्या दुकानात जपा. 'ल्यांग ज्र श्ये' म्हणजे दोन पायांचे दोन बूट, 'ल्यांग श्वांग श्ये' म्हणजे दोन जोड, चार बूट. 'ल्यांग ग श्ये' म्हटलंत तर दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, मग पायांकडे.