लॅक ओपेरॉनच्या प्रश्नात दोन पर्याय खरे वाटतात तेव्हा

प्रश्न: मॉलिक्युलर बायोलॉजीच्या एमसीक्यूत शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी नेमका चुकीचा निवडते. काय करू?

उत्तर: पर्याय हाताने झाकून आधी स्वतःचं उत्तर लिही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आमच्या गटाला या प्रश्नाने खूप छळलं होतं: एकाच पेशीत लॅक ओपेरॉनच्या खालच्या दोन प्रती असतील, तर Z वरून बनणारं एन्झाइम कधी बनेल?

`I⁺ Oᶜ Z⁻ / I⁻ O⁺ Z⁺`

Oᶜ दिसला की हात आपोआप ‘लॅक्टोज नसतानाही एन्झाइम बनेल’ या पर्यायाकडे जातो. Oᶜ वर रिप्रेसर नीट बसत नाही हे खरंच आहे, म्हणून तर तो पर्याय फसवतो. पण ऑपरेटर हा डीएनएचा तुकडा आहे. त्याचा परिणाम त्याला जोडलेल्या जनुकांपुरताच, आणि इथे त्याला जोडलेलं Z बिघडलेलं आहे! रिप्रेसर मात्र प्रथिन आहे. I⁺ वरून तयार झालेला रिप्रेसर पेशीत फिरून दुसऱ्या डीएनएवरच्या O⁺ वरही बसतो. म्हणून चांगलं Z लॅक्टोज आल्यावरच चालू होतं.

प्रत्येक अक्षराला एवढंच विचारायचं: हे फिरणारं प्रथिन बनवतं, की जागेवरच राहतं? आता फक्त दोन्ही Z ची अदलाबदल करून बघ. Oᶜ ला चांगलं Z मिळालं, की मघाचा चुकीचा पर्याय बरोबर ठरतो.