मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत: कोणत्या चुका पकडल्या जातात, कोणत्या निसटतात

प्रश्न: छोटा मराठी परिच्छेद इंग्रजीत करायचा आणि तोच पुन्हा मराठीत आणायचा, असा सराव एकाने सुचवलाय. यातून माझ्या इंग्रजीतल्या चुका खरंच कळतील का? नेमका कसा करायचा?

उत्तर: कळतील, पण सगळ्या नाहीत. मी इंग्रजी शिकवते आणि हा सराव नेहमी करून घेते. काही चुका यात लगेच उघड्या पडतात, तर काही इतक्या सफाईने निसटतात की आपलं इंग्रजी बरोबरच होतं असं वाटतं.

एका विद्यार्थिनीचा परिच्छेद घेऊ: 'काल आजी गावाहून आली. तिला चहा हवा होता, पण दूध नासलं होतं. मी दुकानात जाऊन दूध आणलं, तोपर्यंत तिने कोरा चहा करून घेतला.'

तिचं इंग्रजी असं: 'यस्टरडे ग्रँडमदर केम फ्रॉम व्हिलेज. शी वॉन्टेड टी, बट मिल्क वॉज बॅड. आय वेंट टू शॉप अँड ब्रॉट मिल्क, टिल देन शी मेड ब्लॅक टी.'

तीन-चार दिवस मध्ये जाऊ द्यायचे, मूळ मराठी झाकून ठेवायचं आणि फक्त इंग्रजी कागद समोर घ्यायचा. त्यावर जे लिहिलंय तेवढंच मराठीत आणायचं, आठवणीतून काही भरायचं नाही. मूळ न वाचलेल्या भावाबहिणीने हे काम केलं तर फारच चांगलं. तिच्याकडे परत आलेलं मराठी असं होतं: 'काल आजी खेड्यातून आली. तिला चहा हवा होता, पण दूध चांगलं नव्हतं. मी दुकानात गेले आणि दूध आणलं, तोपर्यंत तिने कोरा चहा केला.'

आता दोन्ही शेजारी ठेवा. 'गाव'चं 'खेडं' झालं, 'जाऊन'चं 'गेले आणि' झालं, हे सोडून द्या. अर्थ शाबूत आहे. अडतं ते 'नासलं होतं' इथे. परत येताना नासण्याची क्रियाच गळाली, कारण इंग्रजीत ती गेलीच नव्हती. तिथे 'द मिल्क हॅड गॉन ऑफ' हवं होतं, म्हणजे शब्दही कमी पडला आणि काळही. तसंच 'करून घेतला' मधलं 'घेणं'. स्वतःसाठी केला हा अर्थ आपण त्या एका क्रियापदावर सोपवतो. इंग्रजीत त्यासाठी 'मेड हर्सेल्फ सम ब्लॅक टी' म्हणावं लागतं. हर्सेल्फ शेवटी टाकलं, तर अर्थ 'कोणाच्या मदतीशिवाय केला' असा होतो.

आता निसटलेल्या चुका बघा. व्हिलेज, नासलेलं पहिलं मिल्क, शॉप या तिन्हींआधी 'द' हवा होता. मराठीत त्याला जागाच नाही, म्हणून परतीच्या मजकुरात ती उणीव दिसणारच नाही. 'टिल देन'चंही तेच. आपलं 'तोपर्यंत' दोन कामं करतं: त्या वेळेपर्यंत काहीतरी चालू होतं, किंवा त्या वेळेआधी काहीतरी होऊन गेलं. इंग्रजीत पहिल्याला टिल, दुसऱ्याला बाय. आजीचा चहा आधीच झाला होता, म्हणून 'बाय द टाइम आय गॉट बॅक, शी हॅड मेड...' असं हवं. पण चुकीचं टिल मराठीत येताना पुन्हा बिनबोभाट 'तोपर्यंत' होऊन बसतं.

हॅडचा घोळ याच जातीचा. 'काल मी पुण्याला गेले होते'चं आपण 'आय हॅड गॉन' करतो आणि परत येताना ते अक्षरशः 'गेले होते' होतं. वाक्य तंतोतंत जुळलं, तरी इंग्रजी चुकलेलंच आहे. नुसतं कालचं सांगायचं असेल तर वेंट पुरे. भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी दुसरी घडून गेली हे दाखवायचं असेल तेव्हा हॅड येतो, जसा वर आजीच्या चहाला आला.

थोडक्यात, जे मराठीत आहे आणि इंग्रजीत पोचलं नाही ते या फेरीत दिसतं. मराठीची सवय इंग्रजीत शिरली असेल तर ती दिसत नाही. तिच्यासाठी फेरी उलटी मारा: चांगल्या इंग्रजी लेखातली पाच-सहा वाक्यं मराठीत आणा, काही दिवसांनी ती परत इंग्रजीत करा आणि छापील मजकुराशी ताडून बघा. ही पद्धत जुनी आहे. सोळाव्या शतकात रॉजर आस्कम, म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक, लॅटिन अशीच शिकवा म्हणत: सिसेरोचं लॅटिन इंग्रजीत करायचं, निदान तासभर थांबायचं, मग आपल्याच इंग्रजीवरून पुन्हा लॅटिन लिहून मुळाशी ताडायचं. सुरुवात शिकायच्या भाषेपासून केल्यामुळे ताडायला अस्सल नमुना हाताशी राहतो. तिथे तुमचा सुटलेला प्रत्येक 'द' समोरच्या कागदावर छापलेला असतो.

मी आठवड्यातून एकदा सरळ फेरी आणि एकदा उलटी करायला सांगते. परिच्छेद तीन-चार वाक्यांचाच घ्या आणि त्यात काहीतरी घडू द्या. निसर्गवर्णनात क्रियापदं फार हलत नाहीत, त्यामुळे काळाच्या चुका त्यात सापडत नाहीत.