तळ्यातली ऊर्जा आणि दहा टक्क्यांचा हट्ट

प्रश्न: बाटल्यांच्या प्रयोगावरून तळ्याची निव्वळ प्राथमिक उत्पादकता कशी काढायची? आणि अन्नसाखळीतल्या पुढच्या स्तराला नेहमी 10 टक्केच ऊर्जा जाते का?

उत्तर:

नाही, नेहमी नाही. याच आकड्यापायी एम.एस्सी.ला माझे प्रॅक्टिकलचे गुण गेले होते, म्हणून जरा लांबण लावते.

मी इंदूरची. आमचा प्रयोग सिरपूर तलावावर होता. (तेव्हा त्याला पाणथळ जागांना मिळणारा रामसरचा मान नव्हता, तो 2022 चा.) पार्टनरच्या लूनावर मागे बसून जायचं, मांडीवर बाटल्यांची पिशवी. एकाच पाण्यानं तीन बाटल्या भरायच्या. पहिलीतला ऑक्सिजन रसायनं घालून तिथल्या तिथे फिक्स करायचा, म्हणजे तो पुढे बदलत नाही. दुसरी पारदर्शक काचेची आणि तिसरी काळी, या दोन्ही एका दोरीला बांधून पाण्यात सोडायच्या. काळीला मी आईच्या जुन्या काळ्या परकराचा तुकडा गुंडाळला होता. पहिल्या दिवशी तो एकेरी होता, उजेड आत शिरला आणि काळ्या बाटलीतला ऑक्सिजन सुरुवातीच्याइतकाच निघाला. असं झालं की आकडे फेकून द्यायचे. दुसऱ्या दिवशी कापड दुहेरी केलं.

सकाळी 10 ते दुपारी 2, चार तासांचे आकडे मिलिग्रॅम प्रति लीटरमध्ये: सुरुवातीला 7.2, उजेडात 9.6, अंधारात 5.8. उजेडातून अंधार वजा केला की एकूण उत्पादन 3.8. सुरुवातीतून अंधार वजा केला की श्वसन 1.4. उरले 2.4, ते निव्वळ.

इथवर सगळ्यांचं जमतं, गाडी पुढे अडते. बहुतेक जण 2.4 ला चारानं भागून चोवीसनं गुणतात आणि दिवसाचे 14.4 काढतात. अहो, रात्री शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं का? श्वसन मात्र रात्रभर चालूच असतं. म्हणून दोन्ही वेगळे गुणायचे. एकूण उत्पादन तासाला 0.95, उजेडाचे 11 तास धरले तर 10.45. श्वसन तासाला 0.35, पूर्ण 24 तास, म्हणजे 8.4. वजाबाकी 2.05. चौदाच्या जागी दोन!

मिलिग्रॅम प्रति लीटर म्हणजेच ग्रॅम प्रति घनमीटर. त्याला 0.375 नं, म्हणजे कार्बनच्या 12 आणि ऑक्सिजनच्या 32 या वजनांच्या गुणोत्तरानं गुणून, 1.2 नं, म्हणजे एका कार्बनमागे सुटणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूंच्या संख्येनं भागलं की कार्बन मिळतो, 0.64 ग्रॅम. पाणी गढूळ होतं, उजेड जेमतेम मीटरभर पोचायचा, त्यामुळे दर चौरस मीटरलाही तेवढाच धरला. एक ग्रॅम कार्बनमागे ढोबळमानानं 10 किलोकॅलरी, म्हणजे दिवसाला 6.4.

वरचा स्तर म्हणजे प्राणिप्लवक, शेवाळ खाणारे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. त्यातलाच एक डॅफ्निया. डॅफ्नियाच्या पारदर्शक पाठीतून अंडी दिसतात. ती मायक्रोस्कोपखाली मोजून जन्मदर काढला, त्यावरून दिवसाचं उत्पादन 0.45 किलोकॅलरी आलं. 0.45 भागिले 6.4 म्हणजे सात टक्के.

सरांनी लाल शाईनं खोडलं. “दहाच येतात, तुमचं मोजणं चुकलंय.” पार्टनरनं एकही अंडं न मोजता 6.4 ला सरळ दहानं भागलं आणि पैकीच्या पैकी घेतले. पुढे तोच माझ्या मावसबहिणीचा नवरा झाला. आता घरातल्या प्रत्येक लग्नाकार्यात मला बघितलं की विचारतो, “काय सात टक्के, कशा आहात?”

तर जावईबुवा, वाचत असाल तर ऐका. ज्या परिसंस्थाशास्त्रज्ञ लिंडेमनच्या नावानं हा नियम सांगतात, त्याच्या 1942 च्या लेखात मिनेसोटातल्या सीडर बॉग लेकमधल्या शाकाहाऱ्यांचा आकडा 13.3 टक्के आहे आणि मांसाहाऱ्यांचा 22.3. दहा ही सरासरी आहे. मोजलेला आकडा सरासरीसारखा नाही म्हणून खोडायचा नसतो.

हेच स्तर एकावर एक रचले की मनोरा होतो, त्याबद्दल एवढंच. जाळीत आलेल्या प्राणिप्लवकाचं वजन शेवाळापेक्षा जास्त भरलं तर घाबरू नका. शेवाळ भराभर वाढतं आणि तितक्याच भराभर खाल्लं जातं, म्हणून वजनाचा मनोरा उलटा होऊ शकतो. ऊर्जेचा मनोरा दर दिवसाच्या वा वर्षाच्या हिशेबाचा, तो उलटा आला तर मात्र गणित तपासा.

दोन गोष्टी मघाशीच सांगायला हव्या होत्या. भर दुपारचा वेग अकरा तास धरला की एकूण उत्पादन फुगतं, म्हणून जमलं तर सकाळी आणि संध्याकाळीही बाटल्या लावा. दुसरं म्हणजे, काळ्या बाटलीत नुसतं शेवाळ श्वास घेत नाही, जिवाणू आणि डॅफ्नियाही घेतात. त्यांचं श्वसन शेवाळाच्या खात्यातून वजा झालं, म्हणजे तेवढ्यापुरती खरी निव्वळ उत्पादकता 6.4 पेक्षा जास्त असणार आणि माझे सात टक्के प्रत्यक्षात पाचही असतील. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.