सोनी आणि कॅननचं लग्नाचं फुटेज जुळवताना

दोन्ही कॅमेऱ्यांच्या फुटेजला एकच लट, म्हणजे रंग बदलणारी तयार फाइल, लावून सुरुवात केलीत, तर तिथेच गाडी अडते. तो लट आधी काढा. मग दोन्हींतला एकाच क्षणाचा शॉट शोधा, उदाहरणार्थ अंतरपाट दूर होतानाचा, आणि दोन्ही फ्रेम शेजारी लावा.

आता क्रम पाळा:

१. एक्सपोजर. डोळ्यांवर विसंबू नका, उजेडाची पातळी दाखवणारा वेव्हफॉर्म आलेख बघा. नवरदेवाचा पांढरा सदरा सोनीत ८० वर आणि जुन्या कॅननमध्ये ९० वर असेल, तर सोनी वर न्या. कॅननची ८ बिट फाइल जास्त ताणली की सावल्यांत ठिपके दिसतात, म्हणून तिला प्रमाण माना आणि ज्या फाइलमध्ये खेचायला जागा आहे तिलाच हलवा. पण सदऱ्याच्या घड्या पूर्ण जळून पांढऱ्याफटक झाल्या असतील तर त्या परत येत नाहीत.

२. रंग. त्याच सदऱ्यावर आरजीबी परेड, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख, बघा. तिन्ही पट्टे साधारण एका उंचीवर हवेत. हिरवा वर असेल तर टिंट मॅजेंटाकडे न्या. त्यानंतर चेहरे तपासा, कारण कपडा जुळूनही गाल हिरवट राहू शकतात. नवरीच्या शालूवरून मात्र काही ठरवू नका. गडद लाल प्रत्येक सेन्सर वेगळा दाखवतो.

३. शार्पनेस. इथे नवे लोक हमखास उलटं करतात. मऊ शॉट शार्प केला की दागिन्यांभोवती पांढरी कड येते. त्यापेक्षा धारदार शॉट किंचित मऊ करा. हे १०० टक्के झूमवर तपासा.

लॉग आणि कलर स्पेस हा वेगळा विषय, तो पुन्हा कधीतरी बघू.