विक्रीच्या पावत्यांवरून एकरी नफा कसा काढायचा?

माझ्याकडे विक्रीच्या पावत्या आहेत, बी, खत, मजुरी आणि पाण्याचा खर्चही लिहिलेला आहे. एकरी नफा कसा काढू?

पावतीवरची एकूण रक्कम नव्हे, तर हमाली, तोलाई वजा होऊन हाती आलेली निव्वळ रक्कम धरा. इथेच बहुतेकांचा हिशोब फुगतो. एकूण रक्कम धरायचीच असेल, तर ही कपात खर्चात मांडा. दोन्हीकडे मात्र नको.

समजा 3 एकरांच्या पिकाचे निव्वळ 1,71,000 रुपये आले. बी 12,000, खत 24,000, मजुरी 45,000. पाण्याचं बिल सगळ्या शेताचं मिळून 20,000 असेल, तर ते पंपाच्या तासांवर वाटा. एकूण 400 तासांपैकी 240 या पिकाला दिले असतील, तर वाट्याला 12,000 येतात. खर्च 93,000, नफा 78,000, म्हणजे एकरी 26,000.

भागताना या पिकाखालचंच क्षेत्र घ्या, पूर्ण जमीन नको. पेरलेला पण वाया गेलेला तुकडा मात्र धरायचाच, कारण त्याचा खर्च झालेला आहे.

घरच्यांची मजुरी मी वेगळी मांडते. 30 दिवस, रोज 400 प्रमाणे 12,000 वजा केले, की एकरी 22,000 उरतात. दुसऱ्या पिकाशी तुलना याच आकड्यावर करा.