एथिक्स कमिटीचा अर्ज इंडोनेशियन भाषेत करताना

"ताई, मी योग्यकार्ताला जातेय. मधुमेहाच्या रुग्णांच्या मुलाखती आणि रक्ताचे नमुने घ्यायचे आहेत. पुण्यात मंजूर झालेला इंग्रजी अर्ज तिथल्या कमिटीसाठी इंडोनेशियनमध्ये करायचा आहे. धोका, संमती आणि डेटाबद्दलची वाक्यं नेमकी राहावीत म्हणून काय पाहू?"

अर्जाआधी संमतिपत्राला हात घाला. कमिटी, म्हणजे तिथली 'कोमिसी एतिक', दोन्ही शेजारी ठेवून वाचते. रुग्णासाठी सोपं केलेलं वाक्य आणि अर्जातलं वाक्य वेगळं बोलू लागलं की फाइल परत येते. संमतिपत्राचं मराठीतलं कच्चं रूप करून पाहिलंत तर इंग्रजीतली संदिग्धता तिथेच उघडी पडते.

सगळ्यात दगा देणारा शब्द इंग्रजीतला 'मे'. 'यू मे एक्स्पिरियन्स ब्रूझिंग' यात शक्यता आहे, 'यू मे विथड्रॉ' यात हक्क आहे. इंडोनेशियनमध्ये पहिल्याला 'मुंगकिन' हवं, दुसऱ्याला 'बरहाक' किंवा 'बोलेह'. भाषांतरकार दोन्हीकडे 'दापात' घालतात. मग 'तुम्हाला माघार घेण्याचा हक्क आहे' हे 'तुम्हाला माघार घेता येईल' इतकं पातळ होतं. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक इंडोनेशियनमध्येही आहे, 'कामी' आणि 'किता'. त्यामुळे मराठी माणसाला तो लगेच कळतो, पण इंग्रजीतल्या 'वुई'वरून भाषांतर करणारा कधीकधी चुकतो. 'डेटा किता ठेवू' असं छापलं, तर ठेवण्याची जबाबदारी रुग्णावरही येते.

धोका लिहिताना क्रिया करणारा कोण, हे सोडू नका. 'रक्त घेतलं जाईल' अशी कर्मणी रचना इंडोनेशियनमध्ये अगदी सहज येते आणि कोण घेणार ते गळून जातं. शिवाय नामाला अनेकवचन लागलंच पाहिजे असं नाही, म्हणून 'रक्त काढणे' एकदा की तीनदा, हे आकड्यानेच सांगावं लागतं. तुमच्या अभ्यासात असं होईल: 'प्रशिक्षित परिचारिका दंडातून 2 वेळा, दर वेळी 2,5 मिलिलिटर रक्त घेईल, त्या जागी काही दिवस काळं-निळं पडू शकतं.' इथला स्वल्पविराम हेतुपूर्वक आहे. इंडोनेशियात दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात. प्रवासखर्च पन्नास हजार रुपिया असेल तर 50.000 लिहायचं, आपल्यासारखं 50,000 लिहिलंत तर ते पन्नास वाचलं जाईल. भाषांतर झाल्यावर सगळे आकडे वेगळे काढून पुन्हा तपासा.

संमतीसाठी तिथे रूढ असलेला शब्दप्रयोग 'परसतुजुआन सतलाह पंजलासान' असा आहे, म्हणजे माहिती दिल्यानंतरची संमती. रुग्णालयात ऑपरेशनआधी भरायच्या संमतीपत्राचं शीर्षक उचलू नका. त्याने रुग्णाला हा उपचाराचाच भाग वाटतो आणि संमती ऐच्छिक राहत नाही.

डेटाचा भाग मात्र नव्यानेच लिहावा लागतो. इंडोनेशियाचा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2022 चा कायदा क्रमांक 27 आरोग्याची माहिती 'विशिष्ट' वैयक्तिक डेटात धरतो. इंग्रजी अर्जात 'अॅनोनिमाइज्ड' असतं, पण नळीवर कोड आणि कोड-नावाची यादी दुसऱ्या कपाटात असेल, तर तो डेटा निनावी नाही. 'अनोनिम' लिहिलंत आणि पुढे रुग्णाला अहवाल द्यायचं वचन दिलंत, तर दोन्ही एकत्र खरी असू शकत नाहीत. 'नावाऐवजी कोड' असं साधं लिहा आणि यादी कोणाकडे, किती वर्षं, कधी नष्ट होणार ते जोडा. डेटा पुण्याला जाणार असेल तर तेही संमतिपत्रात स्वतंत्रपणे सांगा. त्याच कायद्याचं कलम 56 डेटा परदेशात पाठवण्याआधी तिथे समकक्ष किंवा अधिक संरक्षण आहे का ते बघायला सांगतं, नसेल तर पुरेशी बंधनकारक व्यवस्था, आणि तीही नसेल तर संबंधित व्यक्तीची संमती. डेटा फुटल्यास लेखी कळवण्याची मुदत 3 × 24 तास आहे. 'लवकरात लवकर' या शब्दांनी ती झाकू नका.

उलट भाषांतर, म्हणजे इंडोनेशियनवरून पुन्हा इंग्रजीत, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून करून घ्या आणि फक्त 'धोका', 'माघार', 'डेटा' ही वाक्यं मूळ इंग्रजीशी ओळीने ताडा. मग चार-पाच संभाव्य सहभागींना मजकूर वाचायला द्या. 'समजलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: 'उद्या थांबायचं ठरवलंत तर आधी घेतलेल्या रक्ताचं काय होईल?' उत्तर चुकलं तर वाक्य बदला. वयस्कर सहभागी जावानीज जास्त सहज बोलत असतील, तर तोंडी सांगायचा जावानीज मजकूरही कमिटीपुढे ठेवा.

प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. इंग्रजीत एक ओळ बदलली तरी दोन्ही भाषांचे क्रमांक सोबत पुढे न्या, आणि नमुने घेण्याआधी तो बदल कमिटीकडून मंजूर करून घ्या.